क्लेम नाकारला तो रोगाच्या नावावरून : तयाल खटला आणि रक्तातल्या जोखमीचा हप्ता

२७ नोव्हेंबर २०११ रोजी जयप्रकाश तयाल नावाचे एक विमाधारक हृदयाच्या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल झाले. सप्टेंबर २००० पासून त्यांची युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी होती आणि ती ते दरवर्षी नूतनीकरण करत आले होते. २००४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांनी क्लेम केले होते आणि कंपनीने ते दोन्ही मंजूर केले होते. तिसऱ्या वेळी मात्र उत्तर आले की हा आजार जनुकीय आहे आणि पॉलिसीत जनुकीय आजार वगळलेले आहेत, त्यामुळे पैसे मिळणार नाहीत.

आजाराचे नाव हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपथी. यात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत, विशेषतः दोन कप्प्यांमधला पडदा, जाड होतो आणि रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते. काही जणांना आयुष्यभर काही जाणवत नाही, काहींना जिना चढताना धाप लागते, आणि थोड्यांच्या बाबतीत पहिले लक्षण म्हणजे मैदानावर किंवा झोपेत अचानक आलेला मृत्यू असतो. हा आजार बहुतेकदा घराण्यातून येतो हे खरे आहे. आईवडिलांपैकी एकाकडे सदोष जनुक असेल तर प्रत्येक मुलाकडे ते येण्याची शक्यता निम्मी असते. पण जनुक आले म्हणजे आजार झालाच असे नाही, आणि उलट बाजूने पाहिले तर आजार असलेल्या कितीतरी रुग्णांत चाचणी करूनही कारणीभूत जनुक सापडत नाही.

पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘जनुकीय विकार’ हे शब्द होते. कुठले विकार, कोणत्या तपासणीवरून ठरवायचे, यावर एक ओळही नव्हती. तयाल न्यायालयात गेले. जिल्हा न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये व्याजासह द्यावेत असा निकाल दिला. कंपनी अपिलात दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंग यांनी जो निकाल दिला त्यामुळे एका माणसाच्या मेडिक्लेमचे प्रकरण घटनेच्या कलम १४ आणि २१ पर्यंत, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कापर्यंत, जाऊन पोचले.

न्यायालयाने काय धरले आणि काय सोडले

कंपनीचे म्हणणे सरळ होते. करारात जे लिहिले आहे ते दोघांनी मान्य केले आहे. एखादा आजार वगळून पॉलिसी विकणे हा धंद्याचा भाग आहे आणि त्यावर घटनेचा संबंध येतो कुठे?

न्यायालयाने आधी कलमाच्या शब्दांवरच बोट ठेवले. ‘जनुकीय विकार’ हा शब्द इतका सैल आहे की त्यात काय बसणार नाही हेच सांगणे कठीण. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह या सगळ्यांत आनुवंशिकतेचा काहीतरी वाटा असतोच. आपल्याकडे ‘आमच्या घरात साखर आहे’ असे सहज म्हटले जाते. त्या वाक्याला कंपनी जनुकीय विकार म्हणू लागली तर मेडिक्लेममध्ये अपघात आणि डेंग्यू एवढेच उरेल. वरून, क्लेम आल्यावर कोणता आजार या शब्दात घालायचा हे कंपनीनेच ठरवायचे.

मग निकाल पुढे जातो. आरोग्यसेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असेल, तर आरोग्य विमा मिळवण्याचा हक्क त्याच्याशी जोडलेलाच आहे. विमा कंपन्यांनी करार कसा रचावा याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, पण तो वाजवी आणि समजण्याजोग्या निकषांवर हवा, मनमानी नको. आणि शेवटी सर्वांत जास्त उद्धृत झालेला भाग : माणसाच्या जनुकीय घडणीवरून किंवा वारशावरून, योग्य जनुकीय चाचणी नसताना आणि फरक करण्याचा स्पष्ट निकष घालून न देता, आरोग्य विम्यात भेदभाव करणे घटनाबाह्य आहे. विमा नियामक आयआरडीएआयने अशा कलमांचा फेरविचार करावा असेही न्यायालयाने सांगितले.

नियामक लगेच हलला. मार्च २०१८ मध्ये त्याने कंपन्यांना कळवले की नव्या आरोग्य पॉलिसीत जनुकीय विकार वगळण्याचे कलम घालू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालातल्या व्यापक भागाला स्थगिती दिली. पण सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआयने वगळता न येणाऱ्या गोष्टींची यादीच काढली आणि त्यात जनुकीय आजार आले. घटनेचा प्रश्न बाजूला राहिला तरी आरोग्य विम्यापुरते हे एक कलम नियमानेच बाद झाले.

इतकी वर्षे मी हा निकाल विजय म्हणून सांगितला जाताना ऐकत आलो आहे. माझे लक्ष मात्र प्रत्येक वेळी मधल्या त्या अटीवर जाते : ‘योग्य जनुकीय चाचणी नसताना’. म्हणजे चाचणी असेल तर? तयाल यांचा क्लेम नाकारताना आधार घेतला होता तो रोगाच्या नावाचा, आणि ते अन्यायाचे होते हे समजायला फार कायदा लागत नाही. पण उद्या कंपनीने रीतसर अहवाल समोर ठेवून सांगितले की आम्ही काही वगळत नाही, फक्त तुमचा हप्ता जास्त आहे, तर काय? निकालाने हे दार बंद केलेले नाही. वगळण्यावर बंदी आली. किमतीचा प्रश्न तसाच राहिला. आणि आयुर्विम्यात, टर्म प्लॅनमध्ये, हाच प्रश्न सर्वांत बोचरा आहे, कारण तिथे २०१९ ची ती यादी लागूच होत नाही.

हप्त्याचा हिशेब

विमागणिताची बाजू नीट मांडल्याशिवाय तिला अन्याय म्हणणे सोपे आहे, म्हणून एक हिशेब करू. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत, कुठल्या तक्त्यातले नाहीत.

तिशीतले १,००० जण एक-एक कोटीचा टर्म प्लॅन घेतात. त्या वयात वर्षाला हजारात एक मृत्यू होतो असे धरा. खर्च आणि नफा बाजूला ठेवला तर प्रत्येकाचा हप्ता १०,००० रुपये. आता त्यांत दोन जण असे आहेत की ज्यांच्याकडे हृदयाच्या या आजाराचे जोरदार जनुक आहे आणि त्यांची जोखीम पाचपट आहे. हा आजार साधारण पाचशेत एकाला असतो असे पुस्तकात जुन्या काळापासून सांगतात, म्हणून दोन. कंपनीला त्यांची माहिती असेल आणि ती वापरता येत असेल, तर त्या दोघांना ५०,००० आणि बाकीच्यांना १०,०००. माहिती वापरायला बंदी असेल, तर सगळ्यांना सारखाच हप्ता, आणि तो येतो १०,०८० रुपये.

ऐंशी रुपये. ९९८ जणांनी वर्षाला प्रत्येकी ऐंशी रुपये जास्त दिले की दोघांचे प्रत्येकी जवळजवळ चाळीस हजार वाचतात. ‘निरोगी माणसाने दुसऱ्याच्या जनुकाचे पैसे का भरायचे’ हा प्रश्न तत्त्वतः ठीक आहे, पण तो विचारताना मागे आकडा किती आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

मग जनुक दुर्मीळ नसून सर्रास आढळणारे असेल तर? त्याचे उदाहरण आपल्याच उपखंडात आहे. एमवायबीपीसी-३ या जनुकात डीएनएची २५ अक्षरे गळालेला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, आणि त्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे, असे २००९ मध्ये नेचर जेनेटिक्स या नियतकालिकात आले. चार टक्के म्हणजे भारतात कोट्यवधी माणसे. तेव्हा त्याची बातमी ‘भारतीयांचे हृदयविकाराचे जनुक’ अशा थाटात झाली होती. २०१८ मध्ये, तयाल निकालाच्याच वर्षी, दुसऱ्या संशोधनातून दिसले की या बदलाचा भार बराचसा एका शेजारच्या बदलामुळे असावा, आणि तो शेजारचा बदल २५ अक्षरे गळालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाकडेच असतो. म्हणजे नऊ वर्षे ज्या अहवालाला धोक्याचा म्हटले असते, तो बहुतेकांच्या बाबतीत तितका धोक्याचा नव्हता.

हिशेबात हे घालू. ४० जणांची जोखीम दीडपट धरा. बंदी असेल तर सगळ्यांचा हप्ता १०,२०० रुपये होतो. वापरायला परवानगी असेल तर त्या ४० जणांना १५,०००. इथेही वाटून घेण्याचा बोजा दोनशे रुपयांचाच. कारण सरळ आहे : जनुक जोरदार असेल तर ते सहसा दुर्मीळ असते, आणि सर्रास असेल तर सहसा मंद असते. जोरदार आणि सर्रास अशी जोडी निसर्गात फार टिकत नाही. त्यामुळे बंदीची किंमत दोन्ही टोकांना कमीच राहते.

पण थांबा, विमा कंपनीची खरी भीती वेगळी आहे आणि ती खोटी नाही. मघाच्या दोघांना आपला अहवाल माहीत आहे, कंपनीला नाही. ते एक कोटीऐवजी पाच-पाच कोटींचा विमा घेतात. कुणीही शहाणा माणूस हेच करेल. आता एकूण विमा १,००८ कोटींचा, आणि दर कोटीमागे हप्ता सुमारे १०,४०० रुपये. अजून काही बिघडले नाही. पण मंद जनुकाऐवजी ४० जणांकडे पाचपट जोखमीचे जनुक असते आणि त्या सगळ्यांनी पाच-पाच कोटी घेतले असते, तर हप्ता जवळजवळ १६,९०० वर गेला असता. मग निरोगी माणसे म्हणाली असती की एवढे भरण्यापेक्षा विमाच नको, ती बाहेर पडली असती, हप्ता आणखी चढला असता. विमा क्षेत्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. बंदी घातली की हे होणारच असे नाही. ते जोखीम किती तीव्र, किती जणांत, आणि लोक मिळालेल्या माहितीचा किती वापर करतात यावर अवलंबून आहे.

म्हणूनच ब्रिटनची तडजोड मला सर्वांत विचार करून केलेली वाटते. तिथे सरकार आणि विमा कंपन्यांच्या संघटनेत २०१८ पासून एक संहिता आहे. भविष्यातल्या आजाराचे भाकीत करणाऱ्या जनुकीय चाचणीचा निकाल कंपनीने विचारायचा तो फक्त एका आजारासाठी, हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठी, आणि तोही आयुर्विमा ५ लाख पौंडांपेक्षा जास्त असेल तरच. हंटिंग्टनच का? कारण तिथे जनुकातला पुन्हा पुन्हा येणारा तुकडा पुरेसा लांबलेला असेल तर आजार होतोच म्हणावे असे आहे, भाकीत जवळपास पक्के आहे. आणि मर्यादा का? कारण पाच-पाच कोटी घेणारे तिथेच अडतात. साधारण कुटुंबाला लागेल इतका विमा कुणालाही जनुक न विचारता मिळतो. वरच्या हिशेबातल्या दोन्ही कळीच्या जागा या दोन अटींनी धरल्या आहेत.

दोन भावंडे

आता हिशेब सोडून माणसांकडे येऊ. एक कल्पित घर घ्या. वडिलांना हा आजार निघाला, शस्त्रक्रिया झाली, जनुकीय चाचणीत कारणीभूत बदल सापडला. हृदयरोगतज्ज्ञ सांगतात की दोन्ही मुलांनी तपासून घ्या. थोरला, वय ३८, लगेच रक्त देतो. त्याच्याकडे तो बदल निघतो, पण इको अगदी साफ आहे. धाकटी, वय ३४, म्हणते, ‘दादा, तू कर. माझे आत्ताच काही नको. घराचे कर्ज काढायचंय, त्याआधी टर्म प्लॅन घ्यायचाय.’

दोघे प्रपोजल फॉर्म भरतात. फॉर्मवर दोन प्रश्न नेहमी असतात. एक, तुम्ही कुठली विशेष तपासणी केली आहे का? दोन, आईवडील किंवा भावंडांना साठीच्या आत हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर झाला आहे का? पहिल्याला थोरला खरे उत्तर देतो : हो. कंपनीत जोखीम तपासणारा अंडररायटर अहवाल मागवतो आणि हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, लावतो, किंवा प्रस्ताव लांबणीवर टाकतो. धाकटी पहिल्याला ‘नाही’ लिहिते आणि तेही खरेच आहे. तिला दुसऱ्या प्रश्नापुरते काही लोडिंग लागेल, कदाचित लागणारही नाही.

जोखीम कुणाची जास्त? थोरल्याकडे जनुक आहे, पण तो ठरावीक काळाने इको करणार, छातीत धडधड झाली तर अंगावर काढणार नाही. गरज पडली तर डॉक्टर छातीत छोटे शॉक देणारे यंत्र बसवतील, जे अचानक जीवघेणी बिघडलेली हृदयाची लय पुन्हा ताळ्यावर आणते. धाकटीकडे जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे आणि तिला कुणीच बघत नाही. दोघांची वाट तीस वर्षे पाहिली तर धाकटीचा धोका थोरल्यापेक्षा कमीच असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरी हप्ता वाढला तो थोरल्याचा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. कागदावर हप्ता जनुकावर लागतो, प्रत्यक्षात तो माहितीवर लागतो. जनुक दोघांकडे असेल, पण दंड भरतो तो तपासून घेणारा. एखाद्या माणसाला त्याच्या वारशाची शिक्षा देणे अन्यायाचे आहे असे म्हणणारे बरेच असतात आणि त्याला विमा गणिती उत्तर देतात की वयही कुणी निवडत नाही, त्याचा हप्ता का घेता? हे उत्तर चांगले आहे, मी त्याला सहज बाजूला सारणार नाही. पण वय सर्वांनाच येते. आजचा तरुण चाळीस वर्षांनी जास्त भरणार असतो, त्यामुळे आयुष्यभरात दोघांचा हिशेब बराचसा जुळतो. जनुकाचे तसे नाही, त्यात पाळी बदलत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे : वय लपवले तर कुणाचा जीव वाचत नाही, पण जनुकाची माहिती नसल्याने एखाद्याचा जीव जाऊ शकतो. ज्या किमतीमुळे लोक चाचणी टाळतात ती किंमत अचूक असली तरी वाईट आहे.

अचूक असलेला निकषही नाकारता येतो याला दाखला आहे. बायका सरासरी जास्त जगतात, म्हणून त्यांचा आयुर्विमा स्वस्त, हे आकडेवारीने खरे आहे आणि भारतात आजही टर्म प्लॅनमध्ये तसा फरक असतो. युरोपियन न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी ठरवले की स्त्री-पुरुष म्हणून वेगवेगळा हप्ता लावणे युरोपीय संघात चालणार नाही, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ते तिथे बंद झाले. आकडे खोटे होते म्हणून नव्हे. आकडे खरे असूनही एखाद्या आधारावर माणसे वेगळी करायची नाहीत हा निर्णय समाज घेऊ शकतो, आणि विमा धंदा त्याने बुडालेला नाही.

फॅमिली हिस्ट्रीचा जुना प्रश्न

एवढे बोलून मी फॉर्मवरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येतो, कारण चर्चेत तो नेहमी निसटतो. वडील पंचेचाळिशीत हार्टने गेले का, हा प्रश्न जनुकीय प्रश्नच आहे. फक्त त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आपण जनुकीय चाचणीवर तावातावाने बोलतो आणि हा प्रश्न मुकाट्याने भरतो.

समजा उद्या भारतात कायदा आला की चाचणीचा निकाल विचारायचा नाही, पण फॅमिली हिस्ट्री विचारायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये साधारण असेच आहे. तर थोरल्याचा फायदा होतो. पण आणखी एक गोष्ट होते. धाकटीने नंतर चाचणी केली आणि बदल नाही असे निघाले, तर ती वडिलांच्या आजाराचे लोडिंग का भरेल? तिने तो निकाल आपणहून दाखवावा आणि लोडिंग काढून घ्यावे हे न्याय्यच आहे. ब्रिटनमध्ये प्रतिकूल निकाल लपवता येतो, अनुकूल निकाल आपणहून दाखवता येतो. मात्र सगळे अनुकूल निकालवाले दाखवू लागले की न दाखवणाऱ्याबद्दल अंडररायटर काय समजेल? गप्प बसणे हेच उत्तर होऊन बसते. कागदावर कुणालाही काही विचारलेले नाही, तरी प्रत्येकाचे जनुक हळूहळू उघडे पडते.

यावर संपूर्ण तोडगा माझ्याकडे नाही. अनुकूल निकालावर सूट देण्याची रक्कम लहान ठेवली तर ही गळती मंदावते, कारण सूट पन्नास रुपयांची असेल तर लोक निकाल दाखवायला धावत नाहीत. आणि सूट लहान ठेवता येते ती फॅमिली हिस्ट्रीचे लोडिंगच लहान असेल तर. म्हणजे गाडी परत जुन्या प्रश्नावर येते. चाचणीवर बंदी घालून फॅमिली हिस्ट्रीला मोकळे सोडणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे आहे.

आणि लपवण्याचा मार्ग? तो अजिबात सुचवू नये. विम्याचा करार परम सद्भावावर उभा आहे. महत्त्वाची गोष्ट दडवली तर आयुर्विम्यात पहिली तीन वर्षे कंपनी पॉलिसी वादात ओढू शकते, आणि आरोग्य विम्यात सलग पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. त्यानंतरही फसवणूक सिद्ध करण्याची वाट आरोग्य विम्यात कंपनीला उघडी राहते. एजंट फॉर्म भरताना ‘ते सोडा, नाही लिहा’ असे म्हणतो तेव्हा क्लेमच्या वेळी तो समोर नसतो, आणि विधवेच्या हातात उरतो तो फॉर्म नवऱ्याच्या सहीचा.

तयाल प्रकरणात परत

दिल्लीच्या खटल्यात एक तपशील सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. कंपनीने त्यांचे आधीचे दोन क्लेम भरले होते. तिला या माणसाचा क्लेमचा इतिहास वर्षानुवर्षे माहीत होता आणि ती त्याच्याकडून हप्ता घेत राहिली. जोखीम मोजायची असती तर ती नूतनीकरणाच्या वेळी मोजून, हप्ता वाढवून, निदान समोरच्याला सांगून करता आली असती. ती मोजली गेली नाही. क्लेम आल्यावर यादीतला एक सैल शब्द काढून समोर ठेवला गेला. हप्ता वाढवणे आणि क्लेम नाकारणे यांत म्हणूनच नैतिक अंतर आहे, जरी दोन्हींचे कारण ‘जनुक’ असले तरी. वाढवलेला हप्ता माणसाला निवड तरी देतो : भरायचा, दुसरीकडे बघायचे किंवा कमी रकमेचा विमा घ्यायचा. अकरा वर्षे हप्ता भरून रुग्णालयाच्या बिलाच्या काउंटरवर उभा राहिलेल्या माणसाकडे निवड नसते.

म्हणून मी हप्त्याला सरसकट अन्याय्य भेदभाव म्हणणार नाही. हंटिंग्टनसारखे पक्के भाकीत आणि मोठ्या रकमेचा आयुर्विमा असेल तर विचारायला हरकत नाही. न विचारणे उरलेल्या लोकांवर अन्याय होईल. पण एमवायबीपीसी-३ च्या त्या बदलावर, ज्याचा अर्थ नऊ वर्षांत बदलला, ज्यामुळे चार टक्के भारतीयांना एका शिक्क्याखाली आणता आले असते, आणि ज्याला वाटून घेण्याचा बोजा माणशी दोनशे रुपये आहे, त्यावर वेगळा हप्ता लावणे अन्याय्य आहे, मग अहवाल कितीही रीतसर असो. आणि आरोग्य विम्यात तर उपचारांचेच पैसे असतात. तिथे वाढलेला हप्ता परवडला नाही म्हणून विमा सोडणारा माणूस तो असतो ज्याला इको करत राहणे सर्वांत गरजेचे आहे.

भारतात जनुकीय भेदभावावर वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यातही जनुकीय माहितीला वेगळे संवेदनशील म्हणून स्थान नाही. त्यामुळे आज एखाद्याच्या घरात हा आजार निघाला आणि भावंडांना चाचणी सुचवली गेली, तर प्रत्यक्षात सल्ला असा द्यावा लागतो : आधी इको करून घ्या, ती जनुकाशिवाय होते आणि बहुतेक धोका तीच सांगते. टर्म प्लॅन घ्यायचाच असेल तर चाचणीआधी घ्या, फॉर्मवर वडिलांच्या आजाराचे खरे लिहा, इको केली असेल तर तीही लिहा, आणि मग रक्त द्या. हा सल्ला व्यवहाराला धरून आहे, कायद्यात बसतो, आणि हृदयरोगतज्ज्ञ तो ऐकून नापसंतीने मान हलवतील, कारण त्यात रक्त द्यायला दोन-तीन महिने उशीर होतो. मघाच्या घरातल्या धाकटीने नेमके हेच म्हटले होते.